दुपारी एक्सपोर्ट रखडतो, पेस्ट बदलली तरी पुन्हा रखडतो: दोष क्लॉकच्या शेवटच्या पायऱ्यांमध्ये असतो

माझा मावसभाऊ लालबागला चाळीतल्या एका खोलीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. त्याच्या डेस्कटॉपचं दुखणं असं होतं: सकाळी सात वाजता जो एक्सपोर्ट २१ मिनिटांत संपायचा, तोच दुपारी दोन वाजता ३० मिनिटं घ्यायचा. पहिली काही मिनिटं सगळं सुरळीत चालायचं, मग प्रगतीची पट्टी थबकायची, माऊससुद्धा अडखळायचा. वीसेक सेकंदांनी गाडी पुन्हा रुळावर यायची आणि थोड्या वेळाने परत थबकायची.

हे पहिल्यांदा मे महिन्यात झालं. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात मशीन नेलं. त्यांनी धूळ काढली, प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी पेस्ट बदलली, तासभर चालवून दाखवलं. आठवड्याभरात पाऊस सुरू झाला आणि पुढचे तीन महिने तक्रार आली नाही. पेस्टनेच काम झालं, असं सगळ्यांना वाटलं. ऑक्टोबर हीट सुरू झाली आणि दुखणं परत आलं. या वेळी दुकानाने सोबत आलेला छोटा पंखा काढून मोठा, उभा टॉवर कूलर बसवला. प्रोसेसरचं तापमान खरोखरच उतरलं, पण एक्सपोर्ट आधीपेक्षा लवकर रखडू लागला. तेव्हा त्याचा मला फोन आला: "दादा, कूलर नवीन, पेस्ट नवीन, आता प्रोसेसर बदलू का?"

प्रोसेसर ठणठणीत होता. पुढे लिहिलेला तपास तुमच्या मशीनवरही करता येईल, म्हणून आकड्यांसकट लिहितो.

आधी काय पाहायचं

दुपारीच गेलो. खोलीचं तापमान ३४ अंश होतं. दुकानातल्या एसीच्या गारव्यात जे दिसत नाही ते इथे दिसणार होतं, त्यामुळे तपास त्याच खोलीत, त्याच वेळी, त्याच फाइलवर करणं गरजेचं होतं. विंडोजवर HWiNFO हा फुकट प्रोग्रॅम उघडला आणि चारच गोष्टींवर नजर ठेवली: कोअरचा क्लॉक, कोअरचं व्होल्टेज, `CPU Package Power` आणि खाली `IA:` ने सुरू होणाऱ्या ओळी. प्रोसेसरला वेग कोणत्या कारणाने कमी करावा लागला, हे त्या ओळी सांगतात.

एक्सपोर्ट सुरू केला. आठही कोअर ४.६ गिगाहर्ट्झवर गेले, व्होल्टेज १.२५ दिसत होतं, पॉवर १३६ वॉट. प्रोसेसर ७८ अंशांवर स्थिर होता, म्हणजे त्याच्या १०० अंशांच्या मर्यादेपासून बराच लांब. पाचेक मिनिटांनी क्लॉक एकदम ८०० मेगाहर्ट्झवर कोसळला. साधारण २५ सेकंद तिथेच राहिला, मग सरळ ४.६ वर उडी, ४० सेकंद तिथे, आणि परत खाली. आलेख काढला तर करवतीच्या दात्यांसारखा दिसला असता. त्या प्रत्येक पडझडीत `IA: PROCHOT` आणि `IA: VR Thermal Alert` या दोन ओळींपुढे `Yes` उमटत होतं.

इथेच निम्मं निदान झालं. प्रोसेसर स्वतः तापला की तो सहसा असा कोसळत नाही. मर्यादेजवळ पोचल्यावर तो शंभर-दोनशे मेगाहर्ट्झ सोडतो आणि तिथे तग धरतो. ८०० पर्यंतची आदळआपट म्हणजे बाहेरचं कोणीतरी त्याला "थांब" असा इशारा देतंय. इथे तो इशारा येत होता व्हीआरएमकडून. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या बाजूला काळ्या चौकोनी चिपा आणि करडे ठोकळे रांगेने दिसतात, तोच हा भाग. पॉवर सप्लायकडून आलेले १२ व्होल्ट उतरवून तो प्रोसेसरला सव्वा व्होल्टच्या आसपास देतो. या स्वस्तातल्या बोर्डवर त्या चिपांवर अॅल्युमिनियमचा साधा तुकडाही नव्हता.

खात्री करायला डब्याची बाजूची पत्र्याची पट्टी उघडली आणि टेबलफॅनचा झोत त्या रांगेवर सोडला. हात आत घालायची गरज नाही, घालूही नका. प्रोसेसरचं तापमान दोन अंशांनीच हललं, पण करवतीचे दाते नाहीसे झाले. एक्सपोर्ट २१ मिनिटांत संपला.

टॉवर कूलरने दुखणं का वाढलं, हेही आता कळलं. जुना छोटा पंखा हवा खाली बोर्डवर फेकायचा, त्यातली थोडी व्हीआरएमला मिळायची. उभा कूलर हवा आडवी मागे ढकलतो. प्रोसेसर गार झाला, शेजारी मात्र वाऱ्याला मुकला. दुकानाने बसवलेली वस्तू चांगलीच होती, पण आजार दुसऱ्या अवयवाचा होता.

१३६ वॉट येतात कुठून

मावसभावाने प्रोसेसरचा खोका आणून दाखवला. त्यावर ६५ वॉट लिहिलेलं. "मग हा दुप्पट का खातोय?" प्रश्न अगदी रास्त होता. ६५ हा आकडा या प्रोसेसरच्या मूळ क्लॉकचा आहे, म्हणजे २.९ गिगाहर्ट्झचा. त्यावरचा वेग म्हणजे टर्बो. अनेक बोर्ड कारखान्यातूनच टर्बोवरची पॉवरची वेसण सोडून येतात. तरीही २.९ चे ४.६ म्हणजे १.६ पटच वेग, पॉवर मात्र दुपटीच्या वर. वरचा भाग आला कुठून, हे समजलं की दुरुस्ती आपोआप सुचते.

चिपमधली प्रत्येक तार आणि प्रत्येक ट्रान्झिस्टरचं गेट हा एक इवलासा कपॅसिटर असतो. शून्याचा एक करायचा म्हणजे तो भरायचा, एकाचा शून्य करायचा म्हणजे तो जमिनीत रिता करायचा. भरताना सप्लायकडून जेवढी ऊर्जा निघते तिच्यातली निम्मी भरणाऱ्या ट्रान्झिस्टरमध्येच उष्णता होऊन जाते. उरलेली निम्मी कपॅसिटरमध्ये साठते आणि रिता करताना तीही उष्णताच होते. परत काही मिळत नाही. म्हणजे भरणं-रितं करणं या एका फेरीची किंमत `C × V²`. सेकंदाला अशा किती फेऱ्या होतात हे क्लॉक ठरवतो, आणि क्लॉकच्या दर ठोक्याला सगळाच भाग हलत नाही म्हणून एक गुणक लागतो:

```
P = α × C × V² × f
```

`f` म्हणजे क्लॉक, `C` म्हणजे चिपमधला एकूण कपॅसिटन्स, `α` म्हणजे त्यातला किती भाग दर ठोक्याला हलतो. व्हिडिओ एक्सपोर्टमध्ये हा `α` मोठा असतो, नुसतं ब्राउझर उघडं असताना अगदी छोटा. त्यामुळेच मशीन दिवसभर बरं वाटतं आणि नेमकं एक्सपोर्टला बसतं.

व्होल्टेजचा वर्ग का, हे मी त्याला चाळीतल्या पाण्यावरून सांगितलं. नळ तळमजल्यावर, पिंप वर. व्होल्टेज म्हणजे किती मजले चढायचं ते. हंडे ठरलेलेच असते तर मजले दुप्पट झाल्यावर मेहनत दुप्पट झाली असती. पण कपॅसिटरचा स्वभाव असा, की व्होल्टेज वाढलं की त्यात मावणारा चार्जही त्याच प्रमाणात वाढतो. म्हणजे मजलेही दुप्पट आणि हंडेही दुप्पट, मेहनत चौपट. मावशी मागे बसून ऐकत होती, तिला हे आमच्या दोघांच्या आधी पटलं.

आता मुख्य गाठ. क्लॉक वाढवायचा तर व्होल्टेज का वाढवावं लागतं? ४.६ गिगाहर्ट्झवर एक ठोका २१७ पिकोसेकंदांचा असतो. तेवढ्यात प्रकाशसुद्धा निर्वात पोकळीत जेमतेम साडेसहा सेंटिमीटर जातो. या वेळात सिग्नलला एकामागोमाग एक अनेक गेटांमधून जाऊन पुढच्या ठोक्याआधी स्थिर व्हायचं असतं. एकेक गेट किती चटकन पलटेल हे ट्रान्झिस्टर किती करंट ढकलतो यावर ठरतं, आणि ट्रान्झिस्टर चालू व्हायला जे किमान व्होल्टेज लागतं तो त्याचा उंबरठा; व्होल्टेज त्याच्या वर जितकं जास्त, तितका करंट जास्त. ठोका आखूड केला आणि व्होल्टेज तेच ठेवलं, तर एखाद्या लांबच्या वाटेवरचा सिग्नल वेळेत पोचत नाही, उत्तर चुकतं, मशीन कोसळतं. म्हणून प्रत्येक क्लॉकसाठी किमान किती व्होल्टेज लागेल याचा तक्ता चिपमध्येच भरलेला असतो. टर्बोच्या शेवटच्या पायऱ्यांवर हा तक्ता फार खडा चढतो, कारण तिथे थोड्याशा वेगासाठी बरंच व्होल्टेज द्यावं लागतं. क्लॉक सरळ पटीत मोजला जातो, पण तो सोबत ज्याला ओढून आणतो ते व्होल्टेज वर्गाने मोजलं जातं.

एकेकाळी ही अडचण नव्हती. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवलं होतं की ट्रान्झिस्टर आकाराने लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवलं, तर क्लॉक वाढूनही तेवढ्याच जागेतली उष्णता तेवढीच राहते. अनेक वर्षं उद्योग त्यावरच चालला आणि ५ व्होल्टचे प्रोसेसर एक-सव्वा व्होल्टपर्यंत उतरले. त्याखाली जायचं तर ट्रान्झिस्टरचा उंबरठाही उतरवावा लागतो, आणि मग बंद असतानाही त्यातून करंट गळतो. व्होल्टेज तिथे अडलं, क्लॉकही अडला. पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला आणि ४ गिगाहर्ट्झची ठरलेली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये रद्द झाली. तेव्हापासून कोअर वाढवण्यावर भर आला.

दुरुस्ती

आम्ही क्लॉकला ३.८ गिगाहर्ट्झची वेसण घातली. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून:

```
powercfg /setacvalueindex scheme_current sub_processor PROCFREQMAX 3800
powercfg /setactive scheme_current
```

पुन्हा मोकळं करायचं तर ३८०० च्या जागी ० लिहायचं. हा प्रोसेसर एकाच जातीच्या आठ कोअरचा आहे. मोठे-छोटे असे दोन जातींचे कोअर असलेल्या प्रोसेसरवर मोठ्या कोअरसाठी `PROCFREQMAX1` ही वेगळी ओळ लागते. लिनक्सवर `sudo cpupower frequency-set -u 3.8GHz` चालतं, पण रीस्टार्टनंतर ते पुन्हा द्यावं लागतं.

कमांड दिल्यावर थांबू नका, HWiNFO मध्ये व्होल्टेज उतरलं का ते बघा. आमच्याकडे ते १.२५ वरून १.०४ वर आलं. ही ओळ फार महत्त्वाची आहे. कुणी बायोसमध्ये व्होल्टेज एका आकड्यावर खिळवून ठेवलं असेल, तर क्लॉक उतरेल पण व्होल्टेज उतरणार नाही, आणि सगळी मजा तिथेच जाईल. तसं दिसलं तर बायोसमध्ये कोअर व्होल्टेज `Auto` किंवा `Adaptive` वर आणायचं आणि पुन्हा मोजायचं.

आकडेमोड करून पाहू. १३६ वॉटमधले सगळेच ठोक्यांमुळे नसतात. गळती आणि कोअरबाहेरचे भाग मिळून साधारण १८ वॉट धरले, तर ठोक्यांचे ११८ उरतात. क्लॉक ४.६ चा ३.८ झाला, म्हणजे ०.८३ पट. नुसता क्लॉकच उतरला असता, तर ११८ चे साडेसत्त्याण्णव झाले असते. व्होल्टेज १.२५ चं १.०४ झालं, तेही ०.८३ पट, पण त्याचा वर्ग ०.६९. दोन्हींचा गुणाकार ०.५७, म्हणजे ११८ चे साधारण साडेसदुसष्ट. व्होल्टेज आणि तापमान उतरल्यावर गळतीही उतरते, ती चौदाच्या आसपास धरली तर एकूण ८२ च्या जवळ. पडद्यावर ८२ च दिसलं. नशिबाने इतकं नेमकं जुळलं, दोन-चार वॉट इकडेतिकडे झाले असते तरी हरकत नव्हती.

व्हीआरएमच्या दृष्टीने हिशोब आणखी गोड आहे. १३६ वॉट १.२५ व्होल्टवर म्हणजे जवळजवळ १०९ अँपिअर. ८२ वॉट १.०४ व्होल्टवर म्हणजे ७९. त्या चिपांच्या रोधामुळे होणारी उष्णता करंटच्या वर्गाने चालते, म्हणून ती जवळपास निम्म्यावर आली. टेबलफॅन जे काम बाहेरून करत होता ते आतूनच झालं.

डब्याची पट्टी परत लावली, फॅन बाजूला ठेवला, तीच फाइल पुन्हा लावली. साडेपंचवीस मिनिटं लागली आणि एकदाही `Yes` आलं नाही. सकाळच्या २१ पेक्षा हे जास्त आहे, पण दुपारच्या ३० पेक्षा कमी. कारण करवतीच्या दात्यांमध्ये सरासरी निघत होती जेमतेम ३.१ गिगाहर्ट्झ: ४० सेकंद ४.६ आणि २५ सेकंद ०.८. सलग ३.८ त्यापेक्षा वेगवान आहे.

मावसभावाने इथे एक नेमका प्रश्न विचारला. हळू चालवलं की जास्त वेळ चालतं, मग विजेचं बिल तेवढंच ना? नाही. कामाला लागणारे ठोके ठरलेले आहेत. क्लॉक कमी केला की वॉट कमी आणि वेळ जास्त, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, आणि एका कामाच्या ऊर्जेत `f` उरतच नाही. उरतो फक्त `V²`. २१ मिनिटं १३६ वॉट म्हणजे ४८ वॉट-तास, साडेपंचवीस मिनिटं ८२ वॉट म्हणजे ३५. वाचलेले तेरा हे सगळे व्होल्टेज उतरल्याचे आहेत.

म्हणून वेसण आणखी आवळावी का? आम्ही करून पाहिलं. एका टप्प्याखाली व्होल्टेज उतरणं जवळजवळ थांबतं, कारण चिपला स्वतःचं एक किमान व्होल्टेज लागतंच. तिथून पुढे क्लॉक उतरवला तर मशीन गार राहतं खरं, पण एका कामाची ऊर्जा वाचत नाही. उलट काम लांबतं आणि तेवढा वेळ गळती, डिस्क, मॉनिटर हे सगळे मीटर फिरवत राहतात. चढाचा खडा भाग टाळायचा, सपाटीवर रेंगाळायचं नाही. ३.८ हा आकडा त्याच्या मशीनचा आहे. तुम्ही वरून दोनशे-दोनशे मेगाहर्ट्झ उतरत प्रत्येक पायरीवर व्होल्टेज आणि वॉट लिहून ठेवा. वॉट पटापट पडायचे थांबले की खडा भाग संपला.

क्लॉक तोच ठेवून फक्त व्होल्टेज उतरवण्याचाही मार्ग आहे, ज्याला अंडरव्होल्ट म्हणतात. जिथे जमतं तिथे तो वेग न घालवता उष्णता कमी करतो. पण डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट ही सुरक्षेतली त्रुटी जाहीर झाल्यावर अनेक लॅपटॉपवर, काही डेस्कटॉपवरही, ही सोय बायोसमधूनच बंद झाली. आणि जिथे ती उघडी आहे तिथेही चिपच्या तक्त्यातली राखीव जागाच आपण खात असतो. थंड सकाळी तासभर टिकलेलं व्होल्टेज दुपारी टिकेलच असं नाही. ते अपुरं पडलं तर विंडोजच्या `Event Viewer` मध्ये `WHEA-Logger` च्या नोंदी दिसू लागतात, किंवा एक्सपोर्ट झालेल्या फाइलमध्ये मधेच एखादी खराब फ्रेम निघते. दुसऱ्याच्या लग्नाच्या चित्रफितीवर हा प्रयोग मला पटला नाही, म्हणून केला नाही.

व्हीआरएमसाठी चिकटपट्टीचे छोटे हीटसिंक आणि मागच्या जाळीवर ८०० रुपयांच्या आतला एक पंखा असं नंतर बसवलं. पुढच्या मे महिन्यात खोली ३६ अंशांवर असताना त्याने वेसण ३.८ ची ४.० केली आणि तोच तपास स्वतः केला. व्होल्टेज १.०९, पॉवर ९३ वॉट, फाइल सव्वाचोवीस मिनिटांत, `IA: PROCHOT` पुढे `No`. तो आकडा त्याने तसाच ठेवला आहे.